एक पुट्टस्वामी, तीन निकाल

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. दिवाणी रिट याचिका क्रमांक ४९४, सन २०१२. या एका याचिकेत ११ ऑगस्ट २०१५ रोजी तीन न्यायमूर्तींनी खासगीपणाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला. पक्षकार तेच, याचिकेचा क्रमांक तोच.

आता एलएल.एम.च्या एखाद्या विद्यार्थिनीने खासगीपणाच्या हक्कावर डिझर्टेशन लिहिताना तळटीप दिली, ‘पुट्टस्वामी, न्या. चंद्रचूड यांचे मत’. वाचणाऱ्याने काय समजायचे? न्या. धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ मध्ये स्वतःसह चौघांच्या वतीने त्या निकालातले प्रमुख मत लिहिले. २०१८ मध्ये त्याच याचिकेत ते एकटे विरोधात गेले आणि सगळा आधार कायदाच घटनाबाह्य असल्याचे त्यांनी नोंदवले. पहिले मत नऊ जणांच्या पीठाच्या निर्णयाचा भाग म्हणून देशातल्या सगळ्या न्यायालयांना बांधून घेते. दुसरे अल्पमत आहे. ते कितीही वजनदार असले तरी ‘न्यायालयाने असे ठरवले’ असे त्याच्या आधारावर लिहिता येत नाही. तळटीप मात्र दोन्हींना तितकीच लागू पडते.

असे घोटाळे लेखनाच्या ओघात दिसत नाहीत. दीडशे पानांत शंभरेक निकाल विखुरलेले असतात, एक इथे, एक तिथे. ते एका ठिकाणी ओळीने मांडले की लपलेली गोष्ट समोर येते: एकच निकाल तीन नावांनी आलेला, तीन निकाल एका नावाखाली गेलेले, कधीच रद्द झालेल्या कलमाचा आधार वर्तमानकाळात घेतलेला. ही मांडणी म्हणजेच प्रबंधाच्या सुरुवातीला, अनुक्रमणिकेनंतर येणारी आधारसूची. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत तिला ‘टेबल ऑफ केसेस’ किंवा ‘लिस्ट ऑफ केसेस’ म्हणतात. मूट कोर्टात भाग घेतलेल्यांना ती ‘इंडेक्स ऑफ ऑथॉरिटीज’ या नावाने माहीत असते. पुस्तके, लेख, अहवाल हे शेवटच्या संदर्भग्रंथसूचीत जातात. आधारसूचीत फक्त कायद्याचा मूळ आधार येतो, म्हणजे न्यायनिवाडे, राज्यघटनेचे अनुच्छेद, अधिनियम आणि नियम. लेखक कितीही थोर असला तरी त्याचे म्हणणे कायदा होत नाही, म्हणून ही वेगळी मांडणी. इंग्लंड-अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक नोंदीपुढे तो आधार प्रबंधात कोणत्या पानांवर आला तेही देतात. आपल्याकडे बरीच विद्यापीठे नुसत्या यादीवर भागवून घेतात. पण पानांचे आकडे नसलेली यादी परीक्षकाला फारशी उपयोगी नाही आणि लिहिणाऱ्यालाही तिचा धाक वाटत नाही.

आकड्यांची भाषा

निकालाचा दाखला म्हणजे निकाल कुठे छापला आहे त्याचा पत्ता. ‘एआयआर १९६३ एससी १२९५’ याचा अर्थ ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९६३ च्या सर्वोच्च न्यायालय विभागात पान १२९५. हे नियतकालिक नागपुरातून निघते, आणि आपल्या कितीतरी वकिलांच्या कार्यालयांत त्याचे जाडजूड खंड भिंतभर लावलेले असतात. ‘(२०१७) १० एससीसी १’ म्हणजे लखनौहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’चा २०१७ चा दहावा खंड, पान १. ‘एससीआर’ ही सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची अधिकृत निकालमाला. एकच निकाल या तिन्हींत तीन वेगळ्या पानांवर छापलेला असतो. विद्यार्थ्याने यांपैकी एक निवडावी आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. जुना निकाल त्या मालेत नसेल तेव्हाच दुसरीकडे जावे.

इथला पहिला खड्डा सालाचा. एआयआर १९६३ एससी १२९५ हा खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निकाल. तो दिला गेला डिसेंबर १९६२ मध्ये. आधारचा निकाल २०१८ चा, पण तो ‘(२०१९) १ एससीसी १’ या पत्त्यावर राहतो. पत्त्यातले साल छापण्याचे असते, ठरवण्याचे नव्हे. प्रबंधात ‘२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार वैध ठरवला’ असे वाक्य आले, की लिहिणाऱ्याने निकाल न उघडता नुसता दाखला उचलला आहे हे परीक्षक ओळखतो.

२०२३ पासून या पत्त्यांत एक नवी सोय झाली. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक निकालाला स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. तो कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नसतो, म्हणून त्याला न्यूट्रल सायटेशन म्हणतात. निवडणूक रोख्यांची योजना रद्द करणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालाचा क्रमांक `2024 INSC 113` असा आहे. त्या निकालात देणगीदाराच्या राजकीय कलाबाबतच्या खासगीपणाचीही चर्चा आहे, तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला तो लागणारच. जुन्या निकालांनाही न्यायालयाने असे क्रमांक दिले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात पीठाचीही खूण असते. `BHC-NAG` म्हणजे नागपूर, `BHC-AUG` म्हणजे औरंगाबाद, `BHC-GOA` म्हणजे गोवा, आणि मुंबईतल्या अपील शाखेसाठी `BHC-AS`. या क्रमांकाचा विद्यार्थ्याला मोठा फायदा असा, की महागड्या डेटाबेसची वर्गणी नसलेल्या वाचकालाही निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट सापडतो. हे उलट बाजूने पाहिले तर अडचण कळते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या प्रकरणात फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. त्याचा प्रचलित दाखला ‘२०१९ एससीसी ऑनलाइन बॉम ३१५५’ हा एका व्यावसायिक डेटाबेसमधला क्रमांक आहे. तो एवढाच दिला तर वर्गणी नसलेला वाचक दाराबाहेर उभा राहतो. अशा वेळी न्यायालयाचे नाव आणि निकालाची तारीख सोबत द्यावी.

नाव कोणत्या अक्षराखाली?

सूची अकारविल्हे लावायची, हे सांगायला सोपे. पुट्टस्वामी प्रकरणाचे पूर्ण नाव ‘जस्टिस के. एस. पुट्टस्वामी (निवृत्त) विरुद्ध भारत संघराज्य’ असे आहे. इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधात ते कुणी J खाली लावेल, कुणी K खाली, कुणी P खाली. मुद्दा कोणते अक्षर बरोबर हा नाही. पहिल्या प्रकरणात ‘जस्टिस’सह, तिसऱ्यात त्याशिवाय आणि पाचव्यात नुसते ‘पुट्टस्वामी’ असे लिहिले, तर संगणक तेच निकाल सूचीत तीन ठिकाणी टाकतो. आणीबाणीतल्या हेबियस कॉर्पस खटल्याचे हाल याहून वाईट. ‘ए.डी.एम. जबलपूर’, ‘अ‍ॅडिशनल डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, जबलपूर’, आणि पुढे ‘शिवकांत’, ‘शिवाकांत’ किंवा नुसते ‘एस. शुक्ला’, अशी छापील रूपे सर्रास सापडतात. आपल्या प्रबंधापुरते एक रूप ठरवायचे, ते वहीत किंवा एक्सेलच्या पत्रकात लिहून ठेवायचे, आणि नंतर प्रत्येक वेळी तिथूनच उचलायचे.

हे पत्रक पहिला निकाल वाचला त्या दिवशी सुरू करावे. त्यात रकाने फार नकोत: ठरवलेले नाव, न्यायालय, निकालाची तारीख, पीठातले न्यायमूर्ती किती, दाखला, आज त्या निकालाची स्थिती काय, आणि आपण त्यातले नेमके कोणते वाक्य कशासाठी वापरतो. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर तो निकाल प्रबंधात नको. पीठाच्या संख्येचा रकानाही शोभेचा नाही. एम. पी. शर्मा विरुद्ध सतीश चंद्र (एआयआर १९५४ एससी ३००) हा आठ न्यायमूर्तींचा निकाल होता आणि खरक सिंग सहांचा. खासगीपणा हा घटनेने हमी दिलेला हक्क नाही, असा अर्थ या दोन्हींतून काढला जात होता. नंतरच्या काळात लहान पीठांनी खासगीपणाच्या बाजूने निकाल दिले. पण आठांच्या पीठाचे म्हणणे लहान पीठ पुसू शकत नाही, म्हणून २०१५ मध्ये प्रश्न वर पाठवावा लागला आणि पीठ नऊ जणांचे बसवावे लागले. संख्येचा रकाना भरलेला असला की प्रबंधातला निम्मा युक्तिवाद पत्रकातच दिसतो.

तीन पुट्टस्वामींना वेगळे ओळखायला प्रत्येकाला कंसातले एक टोपणनाव द्यावे: (संदर्भ), (खासगीपणा), (आधार). पहिल्या उल्लेखात पूर्ण दाखला, पुढे टोपणनावासह लघुरूप. या निकालाविरुद्धच्या पुनर्विलोकन याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळल्या. त्या निर्णयाचे नाव बेघर फाउंडेशन विरुद्ध के. एस. पुट्टस्वामी, म्हणजे तिथे पुट्टस्वामी प्रतिवादी आहेत आणि नोंद ‘बी’ खाली जाते. पुट्टस्वामी हे नाव शोधणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. म्हणून पत्रकात आधारच्या ओळीपुढे ‘पुनर्विलोकन: बेघर फाउंडेशन’ अशी खूण हवी.

न्यायालय बोलले की वकील?

दाखला बरोबर असून आधार खोटा असू शकतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची न्यायालयाने दिलेली पीडीएफ ५४७ पानांची आहे. तिच्यात सहा वेगळी मते आहेत: न्या. चंद्रचूड यांचे चौघांच्या वतीने, आणि न्या. चेलमेश्वर, नागपूरचे न्या. बोबडे, न्या. नरिमन, न्या. सप्रे व न्या. कौल यांची स्वतंत्र. निष्कर्षावर सगळे एक, पण वाटा वेगळ्या. पीडीएफमध्ये प्रत्येक मताचे परिच्छेद पुन्हा एकपासून सुरू होतात. एससीसीत सगळ्यांना सलग क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे नुसते ‘परिच्छेद २५’ म्हटले तर पीडीएफ उघडणाऱ्यापुढे एकाहून अधिक परिच्छेद येतात. तळटिपेत निकालाची कोणती प्रत, कोणाचे मत आणि कोणता परिच्छेद, या तिन्ही गोष्टी लागतात. पान देण्यापेक्षा परिच्छेद देणे चांगले, कारण पाने छपाईबरोबर बदलतात.

याहून घातक चूक म्हणजे वकिलाचे म्हणणे न्यायालयाच्या तोंडी घालणे. आपल्याकडच्या मोठ्या निकालांत आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपशिलाने नोंदवलेले असतात. खासगीपणा ही मूठभर उच्चभ्रूंची चैन आहे, गरिबाला आधी अन्न हवे, अशा अर्थाचा युक्तिवाद २०१७ च्या निकालात मांडलेला सापडतो. न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत फेटाळला. पण शोधखिडकीत शब्द टाकून थेट त्या वाक्यावर उतरलेल्या विद्यार्थ्याला आजूबाजूचे दिसत नाही, आणि फेटाळलेली गोष्ट न्यायालयाचे मत म्हणून अवतरणचिन्हांत येते. ओळखायची खूण साधी आहे. वाक्याआधीचे दोन-तीन परिच्छेद मागे जाऊन ‘सबमिटेड’, ‘कंटेंडेड’, ‘अर्ग्यूड’ असे शब्द आहेत का ते पाहावे. तसेच एखादा परिच्छेद आत सरकवून छापला असेल तर तो बहुधा दुसऱ्याच निकालातला किंवा पुस्तकातला उतारा असतो. त्याचा आधार द्यायचा तर मूळ निकाल उघडावा.

हेडनोटचेही तसेच. निकालाच्या डोक्यावरचा तो सारांश नियतकालिकाच्या संपादकाने लिहिलेला असतो, न्यायमूर्तींनी नाही. तो वाट दाखवायला चांगला, पण अवतरण म्हणून वर्ज्य. कोर्टात हेडनोट वाचून दाखवणाऱ्या वकिलाला न्यायमूर्ती ‘निकालात कुठे आहे ते दाखवा’ असे म्हणतात. परीक्षकही व्हायव्हात तेच विचारतो.

मेलेला निकाल सूचीत कसा ठेवायचा?

रद्दबातल झालेले निकाल काढून टाकायचे नसतात. खासगीपणाचा इतिहास लिहिणारी विद्यार्थिनी ए.डी.एम. जबलपूर (१९७६) वगळूच शकत नाही. आणीबाणीत व्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगणारा तो निकाल. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात तो चुकीचा ठरवून रद्द करणारे प्रमुख मत लिहिले त्यांच्या मुलाने. सूचीच्या दृष्टीने इथे दुहेरी काळजी आली. नोंदीपुढे ‘२०१७ मध्ये रद्दबातल’ अशी खूण, आणि तळटिपांत नुसते ‘न्या. चंद्रचूड’ न लिहिता आद्याक्षरे. नाहीतर वडिलांचे मत मुलाच्या नावावर जमा होते.

खरक सिंगची खूण वेगळी. पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन झडती घेण्याची तरतूद त्या निकालाने रद्दच केली होती. तो भाग आजही शाबूत आहे. खासगीपणाला हक्क नाकारण्यापुरताच तो २०१७ मध्ये बाद झाला. म्हणून तिथे ‘अंशतः’ हा शब्द हवा. अशी खूण करण्यापूर्वी नंतरचा निकाल उघडून, शेवटचा आदेशाचा भाग शब्दशः वाचावा लागतो. डेटाबेसमधल्या लाल-पिवळ्या खुणांवर विसंबून हे ठरवता येत नाही.

कलमाला तारीख असते

निकाल एकदा दिला की त्याचा मजकूर बदलत नाही. कलमाचा बदलतो, आणि कायद्याचे नाव व साल मात्र तेच राहते. आधार अधिनियम, २०१६ (२०१६ चा अधिनियम १८) चे कलम ५७ घ्या. मूळ मजकुरात खासगी कंपन्यांनाही करारान्वये आधारवरून ओळख पटवण्याची मुभा होती. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी संस्थांपुरता तो भाग घटनाबाह्य ठरवला. पुढे २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने (२०१९ चा १४) ते कलमच वगळले. आता प्रबंधात ‘आधार अधिनियम, कलम ५७’ एवढेच आले तर वाचक शासनाच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर जाईल आणि त्याला तिथे कलमाच्या जागी वगळल्याची नोंद दिसेल. विद्यार्थिनीच्या मनात तीन टप्प्यांपैकी कोणता होता हे तिलाच लिहावे लागते: मूळ अधिनियमितीप्रमाणे, २०१८ च्या निकालानंतर, की २०१९ मध्ये वगळले जाईपर्यंत. मूळ मजकुरासाठी राजपत्र पाहावे, आजच्या मजकुरासाठी इंडिया कोड. दोन्ही ठिकाणी एकच कलम वाचल्याशिवाय त्याची नोंद करू नये.

फौजदारी कायद्यात हा प्रश्न १ जुलै २०२४ पासून रोजचा झाला आहे. चोरून पाहण्याचा वा चित्रण करण्याचा गुन्हा, म्हणजे इंग्रजीतले ‘व्हॉयरिझम’, भारतीय दंड संहितेत २०१३ च्या दुरुस्तीने, इंग्रजी पाठात कलम 354C म्हणून आला. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७७ आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुनीच संहिता लागू, त्यामुळे दोन्ही नोंदी सूचीत राहणार. गंमत म्हणजे दोन्ही संहितांचा अधिनियम क्रमांक ४५ आहे, एक १८६० चा आणि एक २०२३ चा. साल गळले तर क्रमांक मदत करत नाही. आणि कलमाचा आकडा तर फसवतोच: जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून, नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द. खून कलम १०३ मध्ये गेला आहे.

सूचीत अधिनियमांचा गट वेगळा, राज्यघटनेचे अनुच्छेद वेगळे. अधिनियमाखाली वापरलेली कलमे एकेक ओळीत, पानांसह. अनुच्छेद २१ वर सगळा प्रबंध उभा असेल तर त्याच्यापुढे पानांची रांग लागते. तिथे फक्त खऱ्या चर्चेची पाने द्यावीत, ओझरता उल्लेख सोडून द्यावा.

वर्डमध्ये बांधणी

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ही सूची आपोआप बांधायची सोय कधीपासून आहे, आणि विद्यार्थी ती क्वचितच उघडून पाहतात. दाखला निवडून `Alt+Shift+I` दाबले की `Mark Citation` ही चौकट येते. तिच्यात पूर्ण दाखला, लघुरूप आणि वर्ग भरायचा. निकालांसाठी `Cases`, अधिनियमांसाठी `Statutes`, घटनेसाठी `Constitutional Provisions`. वर्ड मजकुरात एक लपलेली खूण पेरतो, ती अशी:

```
{ TA \l "K.S. Puttaswamy v. Union of India,
(2017) 10 SCC 1" \s "Puttaswamy (Privacy)" \c 1 }
```

मग `References` टॅबमधून `Insert Table of Authorities` निवडले की पानांसह सूची तयार. त्याच चौकटीत `Mark All` नावाचे मोहक बटण आहे. ते दिलेले लघुरूप सगळ्या मजकुरात शोधून खुणा पेरते. लघुरूप म्हणून नुसते ‘Puttaswamy’ दिले तर २०१५, २०१७ आणि २०१८ चे सगळे उल्लेख एकाच निकालाच्या नावावर चढतात, आणि सूची दिसायला अगदी नीटनेटकी दिसते. कंसातल्या टोपणनावाचा उपयोग इथे कळतो. उलट कुठे ‘Puttaswami’ असे स्पेलिंग पडले असेल तर तो उल्लेख सुटतो. तेव्हा `Mark All` दाबण्यापूर्वी प्रत्येक लघुरूप शोधून त्याची रूपे सारखी करून घ्यावीत, आणि तळटिपांतल्या खुणा एकेक करून तपासाव्यात. `Use passim` या पर्यायावरची बरोबरची खूण काढावी. ती राहिली तर पाच किंवा अधिक पानांवर आलेल्या निकालापुढे पानांऐवजी ‘passim’ असा शब्द येतो, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाच्या निकालांचीच पाने गायब.

तयार सूचीचा तुकडा साधारण असा दिसेल:

```
ADM, Jabalpur v. Shivkant Shukla,
  (1976) 2 SCC 521 [overruled 2017] ........ 31, 58
Beghar Foundation v. K.S. Puttaswamy,
  (2021) 3 SCC 1 .......................... 97
K.S. Puttaswamy v. Union of India,
  (2015) 8 SCC 735 [Reference] ............ 44
K.S. Puttaswamy v. Union of India,
  (2017) 10 SCC 1 [Privacy] ............... 45, 52, 58, 73
K.S. Puttaswamy v. Union of India,
  (2019) 1 SCC 1 [Aadhaar] ................ 81, 84, 97
Kharak Singh v. State of U.P.,
  AIR 1963 SC 1295 [overruled in part] ..... 27, 53
```

विद्यापीठाने एखादी ठरावीक पद्धत सांगितली असेल, भारतीय विधी संस्थेचे तळटिपांचे नियम म्हणा, अमेरिकी ब्लूबुक म्हणा किंवा ऑक्सफर्डची ऑस्कोला, तर स्वल्पविराम, पूर्णविराम आणि तिरके अक्षर तिच्याप्रमाणे. ऑस्कोलात ‘v’ पुढे टिंब नसते आणि मजकुरात तिरपी असणारी निकालांची नावे सूचीत सरळ होतात. हे तपशील शेवटच्या आठवड्यात बदलता येतात. कोणता निकाल, कोणाचे मत, कोणत्या तारखेचे कलम, हे मात्र तेव्हा धावतपळत शोधता येत नाही.

शेवटी एक यांत्रिक गोष्ट, जिच्यापायी चांगल्या सूचीची पाने चुकतात. खुणा पेरताना वर्ड लपलेला मजकूर उघडा करून दाखवतो. त्या खुणा ओळी ढकलतात, ओळी पाने ढकलतात, आणि त्याच अवस्थेत सूची ताजी केली तर पन्नासाव्या पानावरचा निकाल बावन्नावर दाखवला जातो. म्हणून आधी ¶ हे बटण बंद करावे, मग सूचीवर क्लिक करून `F9` दाबावे, आणि लगेच पीडीएफ काढावी. पीडीएफमधून आठ-दहा नोंदी कशाही उचलून त्या त्या पानावर जाऊन पाहाव्यात. निकाल तिथे सापडला तर तळटिपेतला परिच्छेद मूळ निकालात उघडावा. एक जरी नोंद चुकली तरी तेवढीच दुरुस्त करून थांबू नये, त्या अक्षराखालच्या सगळ्या नोंदी पुन्हा लावून पाहाव्यात, कारण एकाच दिवशी एकाच हाताने केलेल्या चुका सहसा शेजारी शेजारी असतात.